बसलेल्या व्यक्तीचे कपडे रेखाटताना: आधी कड, मग चुण्या

उभ्या माणसाचे कपडे बऱ्यापैकी रेखाटता येऊ लागले की पुढची अडचण बसलेल्या माणसापाशी येते. कुर्ता मांडीवर येऊन कुठे संपतो, पँटची मोहरी किती वर सरकते, साडीचा काठ पायाशी कसा पडतो, हे ठाऊक नसतं. मग उभ्या आकृतीचेच कपडे गुडघ्यात आणि कमरेत मोडून बसवले जातात आणि मोकळ्या जागेत चुण्या भरल्या जातात. चित्र बघणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण माणूस बसलेला न वाटता खुर्चीवर चिकटवल्यासारखा दिसतो.

कारण साधं आहे. कापडाची लांबी ठरलेली असते. माणूस बसला की त्या लांबीचा काही भाग नितंबांखाली दबतो, काही गुडघ्याच्या वळणावर खर्च होतो आणि काही कमरेच्या घडीत शिल्लक राहून गोळा होतो. कड कुठे येणार हे या हिशेबावर ठरतं. चुण्या कुठे पडणार तेही त्यावरच. म्हणून या लेखातला क्रम असा आहे: खुर्ची, शरीर, टेकण्याच्या जागा, कड आणि सगळ्यांत शेवटी चुण्या. उदाहरण एकच घेऊ, म्हणजे व्हीलचेअरमध्ये बसलेली, कुर्ता-सलवार घातलेली स्त्री, समोरून थोडी तिरकी दिसणारी. पँट आणि साडी यांत काय बदलतं तेही पुढे पाहू.

खुर्ची आधी का काढायची

बसलेल्या माणसाच्या कपड्यांना आकार देण्यात खुर्चीचा वाटा शरीराइतकाच असतो, म्हणून तिची मापं डोक्यात हवीत. दवाखान्यात दिसणाऱ्या साध्या घडीच्या व्हीलचेअरची बैठक साधारण १८ इंच रुंद आणि १६ इंच खोल असते. ती जमिनीपासून १९ ते २० इंचांवर असते आणि मागची चाकं २४ इंच व्यासाची असतात. पायठेव्या जमिनीला टेकत नाहीत. त्या साधारण दोन इंच किंवा त्याहून थोड्या वर असतात. त्यामुळे व्हीलचेअरमधल्या माणसाची पावलं जमिनीवर नसतात, आणि जमिनीपर्यंत लोंबणारा कपडा तिथे सहसा दिसत नाही. घरातली लाकडी खुर्ची रेखाटताना पावलं जमिनीवर, व्हीलचेअर रेखाटताना पायठेवीवर, एवढं पाळलं तरी कडेची निम्मी चूक टळते.

दुसरी गोष्ट बैठकीच्या प्रकाराची. घडीच्या व्हीलचेअरची बैठक रेक्झिनची, मध्ये थोडी झोळ आलेली असते. तिच्यावर बसलं की मांड्या आत कलतात आणि गुडघे एकमेकांकडे येतात. घट्ट उशी किंवा सपाट बैठक असेल तर गुडघे वेगळे राहतात. दोन गुडघ्यांमधली ही दरी रुंद की अरुंद, यावर कुर्त्याच्या पुढच्या पल्ल्याचा आकार ठरतो. म्हणून ती आधीच ठरवून घ्या.

तिसरी गोष्ट कडेच्या पत्र्यांची. बैठक आणि चाक यांच्यामध्ये, हात टेकायच्या दांड्याखाली, एक उभा पत्रा किंवा प्लास्टिकचा तुकडा असतो. कपडा चाकात जाऊ नये म्हणूनच तो असतो. चित्रात तो विसरला की कुर्त्याचं टोक चाकाच्या आऱ्यांवरून खाली लोंबताना दाखवलं जातं. व्हीलचेअर रोज वापरणाऱ्या कुणाच्याही नजरेला हे आधी खटकतं, कारण तसा कपडा पहिल्या फेऱ्यातच चाकात ओढला जाईल.

रेखाटताना खुर्ची आधी साध्या पेटीसारखी काढा: बैठकीचा चौकोन, पाठीचा चौकोन, दोन बाजूंचे पत्रे, पायठेवी. मागच्या चाकाचे लंबवर्तुळ सध्या फक्त हलक्या रेषेत.

शरीर: कंबर मागे झुकते

उभं असताना कमरेला आतला बाक असतो. बसल्यावर श्रोणी, म्हणजे कमरेखालचा हाडांचा कटोरा, मागे कलंडते, तो बाक सपाट होतो आणि पोट पुढे येतं. त्यामुळे कपड्याच्या पुढच्या बाजूला अंतर कमी होतं आणि मागच्या बाजूला वाढतं. पुढचं कापड उरतं, मागचं कमी पडतं. पुढे सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी या एका वाक्यातून निघतात.

उंचीचा अंदाज डोक्याच्या मापाने घ्या. ५ फूट २ इंच उंचीच्या स्त्रीचं डोकं साधारण सव्वाआठ इंच असतं. उभी असताना ती साडेसात डोकी भरते. जेमतेम पावलं टेकतील अशा खुर्चीवर बसली तर जमिनीपासून माथ्यापर्यंत सहा डोक्यांच्या आसपास. व्हीलचेअरची बैठक उंच असते आणि वर उशीही असते, म्हणून तिथे हे माप साडेसहाच्या जवळ जातं. तिरक्या कोनातून मांडी आखडलेली दिसते. ती जितकी आखडते त्याच प्रमाणात मांडीवरच्या कापडाचं मापही आखडून घ्यावं लागतं. हे बरेच जण विसरतात आणि मांडी आखूड, कुर्ता मात्र पूर्ण लांब असं चित्र होतं.

अंगाचा सांगाडा काढून झाला की कापड जिथे टेकतं तिथे बारीक खुणा करा: दोन खांदे, छाती, पोटाचा पुढचा भाग, मांडीचा वरचा सपाट भाग, गुडघ्याच्या वाट्या, नितंबांखालची जागा, आणि पाठ जिथे खुर्चीच्या पाठीला टेकते ती जागा. नितंबांखालचं कापड पक्कं अडकलेलं असतं, ते सरकत नाही. खांदा आणि गुडघा ही लोंबण्याची टोकं. या दोन प्रकारच्या जागांमधून कापड कसं जातं, हाच पुढचा सगळा खेळ.

कड कुठे येते: एक हिशेब

आपल्या उदाहरणातल्या स्त्रीचा कुर्ता खांद्याच्या शिवणीपासून ४० इंच लांब धरू. उभी असताना त्याची कड गुडघ्याच्या पाच-सहा इंच खाली येईल. आता ती बसली.

पुढचा पल्ला पाहू. खांद्यापासून छातीवरून मांडीच्या घडीपर्यंत साधारण २० इंच लागतात. तिथे कापड मांडीवर वळतं आणि त्या वळणात दोनतीन इंच सैल गोळा होतं, ३ धरू. पोटापासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मांडीचा उघडा भाग साधारण १३ इंच. बेरीज ३६. उरले ४ इंच, ते गुडघ्यावरून खाली लोंबतात. म्हणजे पुढची कड गुडघ्याच्या टोकाखाली साधारण चार इंच, डोक्याच्या मापात अर्ध्या डोक्याइतकी. कागदावर डोकं ३ सेंटिमीटर काढलं असेल तर गुडघ्यापासून दीड सेंटिमीटरवर खूण करा.

तिने बसताना कुर्ता पुढे ओढून नीट केला असेल तर घडीतले ते तीन इंच नाहीसे होतील आणि कड सात इंच खाली येईल. धपकन बसली असेल तर घडीत पाच-सहा इंच गोळा होतील आणि कड गुडघ्याच्या जेमतेम खाली राहील. कड ठरवताना हे स्वातंत्र्य तुम्हाला आहे, पण मग घडीतला गोळाही त्या प्रमाणात दाखवावा लागतो. कड वर आणि घडी सपाट, हे दोन्ही एकत्र असू शकत नाही.

मागच्या पल्ल्याचं गणित वेगळं. खांद्यापासून पाठीवरून, नितंबांचा फुगवटा ओलांडून बैठकीपर्यंत २५-२६ इंच जातात. उरलेले १४-१५ इंच, ती पल्ल्यावरच बसली असेल तर, मांडीखाली पसरतात. नितंबांच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचं अंतर मात्र १७-१८ इंच असतं. म्हणजे मागची कड त्या खोबणीच्या दोनतीन इंच आधीच संपते आणि समोरून दिसतच नाही. म्हणून समोरून पाहताना पुढच्या पल्ल्याखाली फक्त सलवार दिसायला हवी. तिथे कुर्त्याची दुसरी, मागची कड काढली तर कापड ठरल्यापेक्षा लांब झालं असं समजा.

व्हीलचेअर रोज वापरणाऱ्या बऱ्याच जणी मागचा पल्ला मांडीखाली ठेवतच नाहीत, कारण बसण्याच्या जागी कापडाच्या घड्या, जाड शिवणी किंवा बटणं त्वचेला सतत दाब देतात आणि तिथे जखम होऊ शकते. ज्यांना त्या भागाची संवेदना कमी आहे त्यांच्यासाठी ही गंभीर गोष्ट आहे. तेव्हा पल्ला मागून उचलून पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये ठेवलेला असतो. मागून किंवा बाजूने काढलेल्या चित्रात, खुर्चीच्या पाठीच्या खालच्या फटीत, कापडाचा थोडासा फुगलेला भाग दाखवता येतो. पॅंटच्या मागच्या खिशांनाही हेच कारण लागू पडतं. रोज व्हीलचेअर वापरणाऱ्याच्या पँटला मागचे जाड खिसे न दाखवणं हा छोटा, पण जाणकार तपशील आहे.

आता कडेचा आकार. पुढचा पल्ला म्हणजे सरळ आडवी रेघ नव्हे. गुडघ्यावर येणारं कापड पुढे जाऊन मगच खाली पडतं, तर दोन गुडघ्यांमधल्या दरीतलं कापड तितकं पुढे न जाता आधीच खाली उतरतं. त्यामुळे कड दोन्ही गुडघ्यांवर थोडी वर आणि मध्ये खाली असते. गुडघे लांब असतील तर हा मधला झोल उथळ आणि रुंद, जवळ असतील तर खोल आणि अरुंद. झोळ आलेल्या बैठकीमुळे गुडघे चिकटले असतील तर तो जवळजवळ नाहीसा होतो आणि तिथे फक्त एक खोल सावली उरते.

बाजूला कुर्त्याचं काय होतं? पल्ल्याची खालची रुंदी २२ इंच धरली आणि दोन्ही मांड्या मिळून १५ इंच, तर प्रत्येक बाजूला साडेतीन इंच कापड मांडीवरून बाहेर येतं. घरच्या खुर्चीवर हे कापड मोकळं लोंबतं आणि चिरेचं टोक संपूर्ण कडेत सर्वांत खाली जातं. व्हीलचेअरमध्ये ते मांडी आणि कडेचा पत्रा यांच्या फटीत उभं दबतं. तिथे टोक दिसतच नाही, फक्त मांडीच्या बाहेरच्या बाजूने एक घट्ट घडी दिसते. याच कुर्त्याच्या या दोन आकृत्या शेजारी शेजारी काढून पाहा. खुर्चीने कपडा कसा बदलला हे दुसऱ्या कशानेही इतकं स्पष्ट कळणार नाही.

चीर कुठे उघडते तेही इथेच ठरवा. बहुतेक कुर्त्यांना ती खांद्यापासून वीस-बावीस इंचांवर सुरू होते, म्हणजे बसल्यावर नेमकी मांडीच्या घडीपाशी. तिथून पुढचा पल्ला पुढे जातो, मागचा मागे राहतो आणि मधे उलटा इंग्रजी व्ही दिसतो, ज्यातून सलवारीची मांडी डोकावते. बाजूने काढलेल्या चित्रात हा व्ही नसेल तर कुर्ता पिशवीसारखा दिसतो. व्हीलचेअरमध्ये त्याचा खालचा भाग पत्र्यामागे जातो आणि फक्त वरचं टोक दिसतं.

आता चुण्या, आणि मोजक्याच

कापडाला चुणी पडायला कारण लागतं. एक तर ते दोन जागांमध्ये ओढलं जातं, नाहीतर दोन जागांमध्ये दाबलं जातं. ओढलेल्या कापडाच्या चुण्या सरळ, बारीक आणि ओढीच्या दिशेने असतात. दाबलेल्याच्या आडव्या, फुगीर आणि एकमेकांत घुसलेल्या. प्रत्येक चुणी काढण्याआधी ती कोणत्या ओढीची किंवा कोणत्या दाबाची आहे, हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ती काढू नये.

मांडीची घडी ही सर्वांत महत्त्वाची जागा. उरलेले तीन इंच कापड इथे दबतं. इथे तीन चुण्या पुरतात: एक खोल, जी घडीच्या कोनातून सुरू होऊन मांडीच्या आतल्या बाजूकडे जाते, आणि तिच्या वर-खाली दोन छोट्या. खोल चुणी दुसरीला मिळते तिथे इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार तयार होतो. सगळ्या चुण्या पोटावरून एका बाजूपासून दुसरीपर्यंत अखंड नेऊ नका. दोन्ही कमरेच्या कोनांतून निघून त्या मधे विरून जातात. नवशिक्यांची सर्वांत जास्त चूक इथेच होते: समान अंतरावर, समान लांबीच्या, समांतर चार-पाच रेघा. त्यामुळे पोटाला पट्टे असल्यासारखे दिसतात.

मांडीचा वरचा भाग जवळजवळ कोरा ठेवा. तिथे कापड खालच्या सपाट आधारावर पसरलेलं असतं, ना ओढ ना दाब. फार तर घडीकडून येणारी एखादी चुणी मांडीवर दोन-तीन इंच येऊन मावळते. ही मोकळी जागा चित्रात श्वास घ्यायला लागते, आणि तीच मांडीचा सपाटपणा दाखवते. तिथे रेघा भरल्या की मांडी वाकडीतिकडी वाटू लागते.

गुडघ्यापासून खाली लोंबणाऱ्या चार इंचांत चुण्या उभ्या असतात. त्यांचं मूळ गुडघ्याची वाटी. वाटीपाशी अगदी बारीक, कडेकडे जाताना रुंद होत जाणाऱ्या दोनतीन नळ्या काढा. नळी जिथे कडेला मिळते तिथे कडही पुढे-मागे वळते. कड सरळ आणि तिच्यावर उभ्या रेघा, असं कधी होत नाही. प्रत्येक नळी कडेत एक छोटी लाट तयार करते. या एका नियमाने चित्राचा विश्वासार्हपणा लगेच वाढतो.

सलवारीच्या पायाला गुडघ्यामागे खूप सैल कापड गोळा होतं आणि तिथून ते पोटरीवरून खाली उतरतं. सलवारीची मोहरी शिवणीने कडक असते, म्हणून ती घोट्यावर अडते आणि तिच्या वर एक-दोन आडवे फुगवटे तयार होतात. बसल्यावर मोहरी फार चढत नाही, कारण सैल कापड गुडघ्याला हवं तेवढं देऊन टाकतं.

हात चाकाच्या कड्यावर असतील, म्हणजे ती स्वतः खुर्ची ढकलत असेल, तर खांदे पुढे येतात. तेव्हा पाठीवर दोन खांद्यांमध्ये आडव्या ओढीच्या चुण्या येतात आणि काखेतून छातीकडे तिरक्या दाबाच्या. हात मांडीवर ठेवलेले असतील तर यांपैकी काहीच नसतं. कोपर वाकलेलं असेल तर वाकणाच्या आत दोन-तीन दाबाच्या चुण्या पुरतात. ओढणी घेतलेली असेल तर तिची टोकं मांडीवर गोळा करून ठेवा किंवा मागे बांधा. दोन्ही बाजूंनी मोकळी लोंबणारी ओढणी चाकाच्या अगदी जवळ येते.

कापडाचा प्रकार चुण्यांची धार ठरवतो. खादी किंवा जाड सुती कापड कोनदार मोडतं आणि मोड टिकते, म्हणून चुण्या कमी आणि टोकदार. रेयॉन किंवा क्रेप गोलाईने पडतं आणि चुण्या जास्त, पण मऊ. इस्त्री केलेल्या नव्या सुती कुर्त्याला मांडीवर घडीच्या खुणाही असतात, आडवी एक उभी एक. त्या एकदा काढून पाहा, कापड लगेच ओळखू येतं.

पँट: मोहरी वर का चढते

पँटचा प्रश्न वेगळा, कारण ती प्रत्येक पायाची वेगळी नळी आहे आणि तिचं आसन, म्हणजे दोन्ही पाय मिळतात ती शिवण, बसल्यावर शरीराखाली अडकतं. पुढे कमरेपासून आसनापर्यंतचं कापड उरतं आणि पोटाखाली गोळा होतं, पण ते खाली पायाकडे येऊ शकत नाही, कारण मांडी आणि आसन ते अडवतात. उलट मागे नितंबांना कापड कमी पडतं, म्हणून कमरपट्टी मागून खाली ओढली जाते आणि शर्ट मागून बाहेर येतो. गुडघ्याच्या वाटीलाही कापड हवं असतं, ते खालून ओढलं जातं. या दोन्हींचा परिणाम म्हणजे मोहरी वर चढते. साध्या सरळ कापाच्या पँटची मोहरी बूटावर टेकत असेल तर बसल्यावर दोनतीन इंच वर जाऊन मोजा दिसतो. घट्ट जीन्समध्ये त्याहून जास्त, सैल पँटमध्ये कमी.

मोहरी वर चढते ती सरळ नव्हे. गुडघा पुढचं कापड ओढतो, मागचं पोटरीवर सैल राहतं, त्यामुळे पुढची कड वर आणि टाचेकडची खाली, अशी ती कलते. तिचं लंबवर्तुळ जमिनीला समांतर काढलं तर पाय लाकडी दिसतो. गुडघ्यामागे दाबाच्या दोनतीन चुण्या, वाटीवर ताणून गुळगुळीत कापड, आणि वाटीच्या दोन्ही बाजूंनी आतल्या खोबणीकडे जाणाऱ्या तिरक्या रेघा: गुडघ्याला एवढं पुरे.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी खास कापलेल्या पँट असतात. त्यांचं मागचं आसन उंच आणि पुढचं कमी असतं, पायाची लांबीही थोडी जास्त. अशा पँटमध्ये कंबर मागून सरकत नाही, पोटापाशी गोळा होत नाही आणि मोहरी घोट्यावरच राहते. चित्रातली व्यक्ती रोज व्हीलचेअर वापरते असं दाखवायचं असेल तर हा पर्याय विचारात घ्या. दवाखान्यातून दोन दिवसांसाठी व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाची पँट मात्र वर सांगितल्याप्रमाणेच चढेल.

पायांच्या स्नायूंचा वापर कमी असेल तर पोटऱ्या आणि मांड्या बारीक असू शकतात. सगळ्यांच्या तशा असतात असं नाही, म्हणून ज्या व्यक्तीचं चित्र आहे तिच्याकडे पाहूनच ठरवा. बारीक पायावर पँट टेकते ती फक्त गुडघ्याच्या वाटीवर आणि नडगीच्या कडेवर. बाकी कापड त्या दोन आधारांवरून उभं लोंबतं, म्हणून आडव्या फुगवट्यांऐवजी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लांब नळ्या दिसतात.

साडी: पुढचा काठ चढत नाही

पँटवरून शिकलेला नियम साडीला लावला की चूक होते. साडीला दोन पायांची वेगळी नळी नसते, त्यामुळे पुढचं उरलेलं कापड कुठे अडकत नाही, ते मोकळेपणी पायांकडे जातं. म्हणून बसल्यावर साडीचा पुढचा काठ पावलांवर किंवा जमिनीवरच राहतो, कधी थोडा जास्तच गोळा होतो. मागचा काठ मात्र नितंबांना कापड देऊन थोडा वर जातो आणि टाचा दिसतात. घरच्या खुर्चीवर चित्र काढताना पुढून पायाची फक्त बोटं, बाजूने टाच, असा फरक ठेवा.

निऱ्या पोटाशी खोचलेल्या असतात. बसल्यावर त्यांचा वरचा भाग मांडीच्या घडीत दबतो आणि खालचा भाग दोन गुडघ्यांमध्ये पंख्यासारखा उघडतो. सगळ्या निऱ्या एकसारख्या काढू नका. घडीपाशी त्या एकमेकांवर चढलेल्या असतात, गुडघ्यांच्या पातळीवर बाहेरच्या दोन निऱ्या मांड्यांवर ओढल्या जातात आणि मधल्याच सरळ खाली जातात.

व्हीलचेअरमध्ये पावलं पायठेवीवर असल्यामुळे पुढचा काठ पायठेवीवर येऊन घोळतो आणि तो पुढच्या छोट्या चाकांच्या जवळ असतो. म्हणून बहुतेक वेळा काठ थोडा उचलून घोट्याच्या वर खोचलेला, किंवा निऱ्या गुडघ्यांमध्ये दाबून धरलेल्या असतात. पदर पुढे घेऊन मांडीवर किंवा कमरेला खोचलेला दाखवा. तो मागे मोकळा सोडला तर खुर्चीच्या पाठीमागून मोठ्या चाकांकडे जातो.

शेवटची तपासणी

चित्र पूर्ण झाल्यावर चुण्या पाहायच्या आधी कडा तपासा. खांद्यापासून कडेपर्यंत कापडाचा मार्ग बोटाने फिरवा, वळणं धरून, आणि डोक्याच्या मापात लांबी मोजा. कुर्ता ४० इंचांचा असेल तर ती पाच डोक्यांच्या आत-बाहेर यायला हवी. आखडलेल्या मांडीचा भाग मात्र तिची न आखडलेली लांबी धरून मोजा. डावी आणि उजवी कड एकाच उंचीवर आली असेल तर पुन्हा विचार करा, कारण दोन्ही गुडघे क्वचितच अगदी एका पातळीवर असतात. त्यानंतर डोळे बारीक करून पाहा. मांडीची घडी सर्वांत गडद, गुडघ्याखालची आणि बैठकीच्या फटीची सावली दुसऱ्या क्रमांकावर, मांडीचा वरचा भाग सर्वांत उजळ, असं दिसलं पाहिजे. मांडीवर एखादी गडद रेघ डोळ्यांत भरत असेल तर ती खोडा.

कपडा कुठे खुर्चीच्या आरपार गेला आहे का ते शेवटी पाहा: हात टेकायच्या दांड्यातून, कडेच्या पत्र्यातून, कमरेच्या पट्ट्यातून. पट्टा असेल तर तो कुर्त्याच्या वरून मांडीच्या घडीपाशी जातो. त्याच्या वर कापड थोडं फुगतं आणि खाली घट्ट बसतं. हे सगळं जागेवर आल्यावरच मागच्या चाकाचं लंबवर्तुळ पक्कं करा, कपड्याच्या कडेपासून स्पष्ट अंतर ठेवून.